शनिवारचं औक्षण आणि आजीचा आशीर्वाद

बी-३०२ (मुलीची आई): नमस्कार. लेक शनिवारी मेलबर्नला शिकायला निघते आहे. मुंबईहून विमान रात्री ११:३० ला. घरी तिची आजी आहे, माझे आई-बाबाही येतील. औक्षण किती वाजता ठेवू, आणि आशीर्वाद कोणी, काय म्हणून द्यायचा?

ए-१०१ आजोबा: विमानतळावर रात्री ८ ला पोहोचायचं, म्हणजे पुण्याहून ३ ला निघालेलं बरं. शनिवारी घाटात गाडी हमखास अडकते. औक्षण २ वाजता घ्या, पण सामान त्याआधी गाडीत गेलेलं असू द्या. एकदा बॅगा खाली न्यायची घाई सुरू झाली की थोरांचे शब्द लिफ्टच्या दारात, अर्धवट कानावर पडतात. ती वेळ आशीर्वादाची नव्हे.

सी-२०४ काकू: पाट पूर्वेकडे तोंड होईल असा मांडा. ताम्हनात कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी, निरांजन. आधी कुंकू, मग डोक्यावर अक्षता, मग सुपारी आणि अंगठीने ओवाळायचं, शेवटी निरांजनाने, आणि साखर तोंडात. पंखा आधीच बंद करा, नाहीतर ज्योत विझते आणि वडीलधारी मंडळी उगाच मनाला लावून घेतात. पाचही बायकांनी ओवाळायचा आग्रह नको, एकीने नीट केलं तरी पुरे.

बी-३०२: तिथेच अडलंय. सासूबाई म्हणतात, "मी नको, तुझ्या आईला ओवाळू दे." सासरे गेल्यापासून त्या मागेच राहतात.

ए-१०१ आजोबा: त्यांनीच ओवाळावं. ज्यांनी लहानाची मोठी केली त्यांचा हात आधी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. गावाला जमलं ते आपल्या घरात का जमू नये? फक्त ऐनवेळी चारचौघांत "तुम्हीच करा" म्हणू नका, त्या संकोचाने नाहीच म्हणतील. शुक्रवारी रात्री नातीनेच जवळ बसून सांगावं, "आजी, मला तूच ओवाळायचंस." मग ताम्हनही त्यांनाच लावू द्या.

डी-४०१ ताई: शब्दांबद्दल. मुलगी आहे, तेव्हा "यशस्वी भव" नाही, "यशस्विनी भव", आणि "आयुष्मती भव". संस्कृत तेवढंच पुरे, बाकी घरच्या बोलीत. उदाहरणार्थ:

"सुखरूप जा, सुखरूप पोहोच. मन लावून शीक. वेळेवर जेव. अडलं-नडलं तर लपवू नकोस, मध्यरात्र असली तरी फोन कर. आम्ही पाठीशी आहोत. यशस्विनी भव."

हे म्हणायला अर्धा मिनिटही लागत नाही. सगळ्यांत जास्त बिघडतं ते आशीर्वादात सूचना मिसळल्याने. "तिकडच्यांच्या नादी लागू नकोस, लग्नाचं आम्ही बघू" असलं काही त्यात आलं की मूल मान खाली घालून ऐकतं आणि बाकीचं विसरतं. सूचना असतील तर आदल्या दिवशी जेवताना द्या. आवाज भरून येणार असेल तर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून ठेवा. आजी थांबल्या तर कोणी वाक्य पुरं करू नये, थांबू द्यावं.

सी-२०४ काकू: नमस्कारासाठी तिघांना ओळीने खुर्च्यांवर बसवा. गुडघे दुखणाऱ्यांना उभं राहून वाकायला लावू नका, डोक्यावर हात पोहोचला पाहिजे. दही-साखर अगदी शेवटी, उजव्या तळहातावर चमचाभर. ते खाल्लं की परत सोफ्यावर बसायचं नाही, थेट दार. तिने "येते" म्हणायचं, आजींनी "ये हो".

डी-४०१ ताई: ऑस्ट्रेलिया आहे म्हणून एक महत्त्वाचं. तिथे खाण्याचे पदार्थ, धान्य, बी-बियाणं उतरताना प्रवासी कार्डावर जाहीर करावं लागतं, लपवलं तर दंड. त्यामुळे शकुनाचा नारळ हातात द्या, पण तो घरीच फोडून सगळ्यांना वाटा. अक्षता टाकल्यावर केस, शर्टाचा खिसा, सॅकचे कप्पे झटकून घ्या, तांदळाचे दाणे तिथेच अडकतात. अंगारा कपाळाला लावा, पुडी बरोबर नको.

ए-१०१ आजोबा: आणि पासपोर्टला कुंकू लावू नका! बरेच जण भक्तिभावाने लावतात, पण पानावर डाग पडला तर इमिग्रेशनला अडवू शकतात. कोऱ्या पाकिटावर लावा, पाकीट देवापाशी ठेवा.

बी-३०२: कळलं. सासूबाईंशी शुक्रवारी लेकच बोलेल. सी-२०४ काकू, तुमचं मोठं ताम्हन शनिवारी १ वाजता न्यायला येऊ का?

सी-२०४ काकू: शुक्रवारीच ने, वाती पण करून ठेवते.