अनुभव धागा: काम पूर्ण झालं, दाखला मिळाला, परफॉर्मन्स गॅरंटी परत कशी मागितलीत?

निविदावाली

काम संपतं, पूर्णत्वाचा दाखला हातात येतो, आणि गॅरंटीची मूळ प्रत मात्र क्लायंटच्या फाइलमध्येच पडून राहते. तोवर बँकेचं कमिशन कापलं जात असतं, मार्जिनची ठेव अडकलेली असते आणि पुढची निविदा भरायला लिमिट उरलेलं नसतं. दाखल्याचा हवाला देऊन ज्यांनी गॅरंटी मागितली, त्यांनी आपले अनुभव लिहावेत. मिळाली असेल तर कशी मिळाली आणि अडली असेल तर नेमकी कुठे अडली, दोन्ही सांगा. सुरुवात मी करते.

एका पंपिंग स्टेशनचं इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल काम होतं. करारात दोन गॅरंट्या होत्या. परफॉर्मन्स गॅरंटी किमतीच्या १० टक्के, आणि ती दाखल्यानंतर २८ दिवसांत परत करायची. त्याच वेळी आम्ही ५ टक्क्यांची वॉरंटी गॅरंटी द्यायची, ती पुढच्या १२ महिन्यांच्या दोषदायित्वासाठी. क्लायंटच्या प्रोजेक्ट ऑफिसने तोंडी सांगितलं, "दोषदायित्व संपू दे, मग बघू." त्यांच्या आधीच्या करारांत एकच गॅरंटी शेवटपर्यंत चालायची, त्यामुळे त्यांना तीच सवय होती. म्हणून पत्रात आधी कलम आणि मग दाखला, असा क्रम ठेवला. मजकूर साधारण असा:

"विषय: परफॉर्मन्स गॅरंटी मुक्त करून मूळ प्रत परत मिळण्याबाबत.

वरील काम दाखल्यात नमूद केलेल्या तारखेस पूर्ण झाल्याचे आपल्या अभियंत्यांनी प्रमाणित केले आहे. दाखल्यासोबतच्या यादीतील उर्वरित बाबी पूर्ण केल्या असून प्रत्येक बाबीसमोर आपल्या साइट अभियंत्यांची सही असलेली प्रत जोडली आहे. करारातील संबंधित कलमानुसार गॅरंटी परत करण्याची मुदत अमुक तारखेस संपते. दोषदायित्व काळासाठीची वॉरंटी गॅरंटी यासोबत सादर करत आहोत. तरी मूळ गॅरंटी तिच्या दोन्ही मुदतवाढींसह परत करावी आणि सोबतच्या मसुद्याप्रमाणे मुक्ततापत्र थेट बँकेच्या नावे द्यावे, ही विनंती."

यात उर्वरित बाबींचं वाक्य सगळ्यात उपयोगी पडलं. आमच्या दाखल्यावर "सोबतच्या यादीच्या अधीन राहून" असा शेरा होता. केबलच्या खुणा, एका पॅनेलचं दार, सुट्या भागांचा संच अशा किरकोळ गोष्टी होत्या, पण लेखा विभाग त्या शेऱ्यावरच बोट ठेवून बसला असता. सह्यांची यादी जोडलेली असल्यामुळे तो प्रश्न निघालाच नाही.

अडलं ते पुढे. क्लायंटने पत्र दिलं, पण आमच्या नावे: "गॅरंटी परत करण्यास आमची हरकत नाही." बँकेने ते घेतलं नाही. मग बँकेच्या नावे नवीन पत्र करून घ्यावं लागलं. त्यात गॅरंटीचा क्रमांक, रक्कम, दोन्ही मुदतवाढींच्या तारखा, या गॅरंटीखाली कोणताही दावा केलेला नाही आणि बँक सर्व जबाबदारीतून मुक्त आहे, एवढं सगळं होतं. सही करणाऱ्याला तसा अधिकार असल्याचं पत्रही जोडावं लागलं. मार्जिन त्यानंतरच मोकळं झालं.

रंगकाम_फॅब्रिकेशन

माझाही तोच अनुभव. काम होऊन वर्ष झालं, तरी प्रत्येक बिलातून कापलेले ५ टक्के अजून मिळालेले नाहीत. दाखला दाखवला तर अर्धेच दिले आणि बाकी नंतर म्हणाले. याला काय करायचं?

निविदावाली

@रंगकाम_फॅब्रिकेशन, तुम्ही सांगताय ते रिटेन्शन. ते तुमच्याच बिलातून कापलेले पैसे असतात, त्यात बँक नसते. अर्धे दाखल्यावर आणि अर्धे दोषदायित्व संपल्यावर अशी वाटणी बऱ्याच करारांत असते, त्यामुळे त्यांनी तुम्हाला अर्धे दिले ते करारानुसारही असू शकेल. तुमच्या करारातलं रिटेन्शनचं कलम आणि दोषदायित्वाची मुदत तपासा. मुदत उलटून गेली असेल तर उरलेल्या अर्ध्यासाठी वेगळं पत्र द्या. गॅरंटीच्या पत्रात ती मागणी घालू नका. एका पत्रात दोन मागण्या असल्या की ते दोन टेबलांवर फिरतं आणि दोन्हीकडे थांबतं.

साइटवरचा

मला एवढा पत्रव्यवहार पटत नाही. गॅरंटीवर शेवटची तारीख छापलेली असते. ती उलटली की गॅरंटी संपली, बँकेने ठेव सोडायची. आम्ही कधीच पत्र लिहिलं नाही, तारखेची वाट बघितली आणि झालं.

जुना_बँकवाला

@साइटवरचा, तारीख उलटल्यावर जबाबदारी संपते हे खरं आहे, पण प्रत्यक्षात तेवढ्यावर भागत नाही. बँकेच्या गॅरंटी विभागात मी बरीच वर्षं होतो, म्हणून सांगतो.

एक तर गॅरंटीच्या मजकुरात मुदत संपल्यानंतरही दावा करायला वेगळा अवधी दिलेला असू शकतो. तो संपेपर्यंत बँक ठेव सोडत नाही. दुसरं, आणि हे जास्त त्रासाचं: मुदत संपत आली की क्लायंट बँकेला लिहितो, "मुदत वाढवा, नाहीतर पैसे द्या." ती रीतसर मागणी असते. गॅरंटी आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या यूआरडीजी ७५८ या नियमांखाली दिलेली असेल तर अशा वेळी बँकेला पैसे देणं जास्तीत जास्त ३० दिवस थांबवता येतं. तेवढ्यात कंत्राटदाराला मुदतवाढ कबूल करावी लागते, नाहीतर मागणी नियमात बसत असेल तर पैसे जातात. दाखला असूनही वाट बघत बसलेले कंत्राटदार इथेच सापडतात. मुदत संपायच्या बऱ्याच आधी मुक्ततेचं पत्र गेलेलं असेल तर निदान तुमची बाजू कागदावर असते.

आणखी एक. दाखला तुमच्या आणि क्लायंटमधल्या कराराचा कागद आहे. बँक तो करार वाचत नाही. दाखला घेऊन थेट बँकेत आलेले कितीतरी लोक मी परत पाठवले आहेत. अपवाद एकच: "हा दाखला बँकेस सादर होताच ही गॅरंटी संपेल" असं गॅरंटीच्याच मजकुरात असेल तर. तसं असेल तर क्लायंटच्या पत्राची गरजच उरत नाही. पण हे वाक्य गॅरंटी देतानाच घालून घ्यावं लागतं, काम संपल्यावर नाही.

मूळ प्रत हरवली असेल तरी घाबरू नका. याच नियमांनुसार क्लायंटचं सही केलेलं मुक्ततापत्र बँकेत पोचलं की गॅरंटी संपते, मूळ प्रत परत येवो न येवो. ज्या गॅरंट्यांना हे नियम लागू नाहीत, तिथे मात्र बँका बहुधा क्लायंटकडून नुकसानभरपाईचं हमीपत्र मागतात.

साइटवरचा

मुदतवाढीचं माहीत नव्हतं. आमच्या गॅरंट्या लहान रकमेच्या होत्या, कदाचित म्हणून कुणी मागे लागलं नसेल.

मालकाच्या_बाजूने

मी क्लायंटकडे कामाला आहे. अशी पत्रं माझ्या टेबलावर येतात, म्हणून आतली बाजू सांगते. पत्र अडवण्यात कुणाला रस नसतो. फाइलवर सही करणारा अधिकारी फक्त एक बघतो: उद्या काही निघालं तर माझ्या हातात काय उरतं? म्हणून ज्या पत्रासोबत पुढची हमी जोडलेली असते, ते लवकर सुटतं. निविदावालींनी वॉरंटी गॅरंटी सोबत लावली, ते याच कारणाने चाललं असणार.

पण सगळे करार त्यांच्यासारखे नसतात. फिडिकच्या १९९९ च्या लाल पुस्तकावरचा करार असेल तर काम ताब्यात घेतल्याचा दाखला पुरत नाही. तिथे गॅरंटी परत करायचे २१ दिवस सुरू होतात ते परफॉर्मन्स सर्टिफिकेटची प्रत मिळाल्यावर, आणि ते सर्टिफिकेट दोषदायित्वाची मुदत संपल्यावर निघतं. आमच्याकडे कंत्राटदार पहिला दाखला जोडून पत्र देतात, आम्ही नाही म्हणतो, मग ते चिडतात. दोन्ही दाखल्यांना बोलताना सगळे "कम्प्लिशन"च म्हणतात. पत्र लिहिण्याआधी गॅरंटीच्या कलमात कोणत्या दाखल्याचं नाव आहे तेवढं बघा.

आणि कृपया ॲज-बिल्ट ड्रॉइंग आधी द्या. निम्मी पत्रं त्यावर थांबलेली असतात.

टप्प्याटप्प्याने

आमच्या कामाचे तीन भाग होते. दोन भागांचे दाखले मिळाले, तिसरा जागेच्या वादात अडकला. पूर्ण गॅरंटी मागितली असती तर नकारच आला असता, म्हणून मुक्तता न मागता रक्कम कमी करायची विनंती केली. करारात तसं कलम नव्हतं. पूर्ण झालेल्या दोन भागांची किंमत एकूण किमतीच्या ६० टक्के होती, त्या प्रमाणात गॅरंटी १० टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणा, असं मांडलं. क्लायंट ६ टक्क्यांवर तयार झाला. मूळ गॅरंटी तशीच राहिली, बँकेने फक्त रक्कम घटवल्याची दुरुस्ती काढली. मार्जिन त्या प्रमाणात सुटलं, आणि कमिशनही पुढच्या तिमाहीपासून नव्या रकमेवर लागलं.

पोटकंत्राटदार

आमचा प्रश्न वेगळा आहे. गॅरंटी आम्ही मुख्य कंत्राटदाराला दिली. आमचं पायलिंग कधीच संपलं, पण तो म्हणतो, "मला माझ्या क्लायंटचा दाखला मिळेल तेव्हा तुझी सोडतो." म्हणजे वरची इमारत पूर्ण होईपर्यंत आमचं लिमिट अडकलेलं. आमच्या करारात "मुख्य कराराच्या अटी लागू" असं एक वाक्य आहे. पायलिंग तपासून स्वीकारल्याचं त्याच्याच इंजिनिअरचं पत्र माझ्याकडे आहे. ते दाखला म्हणून चालेल का?

मालकाच्या_बाजूने

त्या एका वाक्यातून गॅरंटीची मुदतही मुख्य कराराला बांधली जाते का, यावर वकिलांचंही एकमत होत नाही. माझ्या मते स्वीकृतीचं पत्र जोडून मागणी नक्की करा, पण ते हक्काने मिळेल असं धरून चालू नका. पूर्ण मुक्तता नाही मिळाली तर वर टप्प्याटप्प्याने यांनी लिहिलंय तशी रक्कम कमी करून मागा.

जुना_बँकवाला

@पोटकंत्राटदार, तुमच्या गॅरंटीची शेवटची तारीख कोणती आहे? इमारत त्याआधी पूर्ण होणार नसेल तर मुदतवाढीची मागणी येणारच. त्या वेळी मुख्य कंत्राटदाराला तुमच्या संमतीची गरज पडेल. मुदतवाढ कमी रकमेवर देतो, असं तेव्हा सांगता येतं. तो ऐकेलच असं नाही, पण बोलणी करायला याहून चांगली वेळ मिळणार नाही.

नवीन_ठेकेदार

क्लायंटने आमचा प्लांट वापरायला सुरुवात केली आहे, उत्पादन चालू आहे, पण दाखला देत नाही. अर्ज करून दोन महिने होत आले. दाखलाच नसेल तर हवाला कशाचा देऊ?

निविदावाली

फिडिकसारखा करार असेल तर ताबा घेतल्याच्या दाखल्यासाठी अर्ज दिल्यापासून २८ दिवसांत अभियंत्याने दाखला द्यायचा किंवा कारण देऊन नाकारायचा असतो. दोन्ही केलं नाही आणि काम कराराप्रमाणे बऱ्यापैकी पूर्ण असेल, तर शेवटच्या दिवशी दाखला दिला असं मानलं जातं. क्लायंटने वापरायला घेतलेला भागही वापर सुरू झाल्यापासून ताब्यात गेला असं धरतात. पण हा मानलेला दाखला क्लायंटसमोर मांडायचा. बँक त्यावर काही करणार नाही, तिला कागद लागतो.

म्हणून गॅरंटीचं पत्र आत्ता लिहू नका. आधी एक वेगळं पत्र द्या: अर्जाची तारीख, मुदत संपल्याची तारीख, वापर सुरू झाल्याची तारीख आणि त्याचा पुरावा, म्हणजे लॉगशीट किंवा मीटरची नोंद. शेवटी दाखला लेखी द्यावा अशी मागणी. त्याला काय उत्तर येतं ते इथे कळवा, पुढचं पत्र त्यावर ठरेल.