मुलाखतीसाठी रजा घेताना साहेबांना किती सांगावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी लोअर परळला एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. १९ तारखेला बीकेसीत दुसरीकडे मुलाखत आहे आणि २० तारीख आमची जीएसटीआर-३बी भरायची शेवटची. रिटर्नचं काम मी १८ लाच संपवून देणार आहे, त्यामुळे रजा अडू नये.

आजारपणाची रजा मला नको. खोटं कारण आणि वर डॉक्टरांचा दाखला मागितला तर? म्हणून कॅज्युअल लीव्हच्या अर्जात फक्त ‘वैयक्तिक काम’ लिहिणार आहे. ते खरंच आहे. पण आमचे साहेब हमखास विचारतात, “कसलं काम?” ऑफर हातात नसताना मुलाखतीचं सांगणं मला धोक्याचं वाटतं. “घरचं आहे, सर” म्हटलं तर तेही खोटंच. अशा वेळी तुम्ही नेमकं काय उत्तर दिलंत?