मदत हवी आहे: साडेचार वर्षांत चार कंपन्या, मुलाखतीत हे कसं मांडायचं?

चाचणीवाला

सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. नोकऱ्या अशा झाल्या:

अ: जून २०२० ते ऑगस्ट २०२२. फक्त मॅन्युअल टेस्टिंग होतं, ऑटोमेशन करायचं होतं म्हणून सोडली.
ब: ऑक्टोबर २०२२ ते एप्रिल २०२३. सहा महिन्यांचं कंत्राट, एक महिना वाढवलं.
क: जून २०२३ ते एप्रिल २०२४. आमची अख्खी टीम बंद केली.
ड: जुलै ते ऑक्टोबर २०२४. ऑटोमेशन सांगून घेतलं, पण काम मॅन्युअलच दिलं. सोडली.

आता महिनाभर घरी आहे. रिझ्युमे पाठवतोय, फोन येतात, पहिली मुलाखत होते आणि पुढे शांतता. दर वेळी 'इतक्या लवकर लवकर का बदलल्या?' इथेच गाडी अडते. मी प्रत्येक नोकरीचं कारण नीट समजावून सांगतो, तरीही. काय करावं?

सहज_सुचलं

सोपं आहे. महिने काढून टाका, फक्त वर्षं लिहा. ब होईल २०२२–२०२३, क होईल २०२३–२०२४. ड तर लिहूच नका, चार महिन्यांचं काय एवढं! रिझ्युमे म्हणजे काही प्रतिज्ञापत्र नव्हे.

मीनल_भरती

शेवटचं वाक्य बरोबर आहे, बाकीचं तुमच्या बाबतीत अंगाशी येईल.

फक्त वर्षं लिहिलेली दिसली की रिझ्युमे वाचणारा आधी हेच धरून चालतो की महिने लपवले आहेत. '२०२२–२०२३' म्हणजे दोन महिनेही असू शकतात आणि चोवीसही. तो वाईटातलं वाईट धरतो. शिवाय ऑनलाइन अर्जात बहुतेक ठिकाणी महिना भरावाच लागतो, मग रिझ्युमे एक सांगतो आणि अर्ज दुसरंच.

ड गाळायचं का, हा खरा प्रश्न. ती मधली नोकरी असती तर गाळता आली असती. पण ती शेवटची आहे. गाळली तर एप्रिलअखेरपासून आतापर्यंत सलग सात महिने रिकामे दिसतील, म्हणजे चार महिन्यांच्या नोकरीचं उत्तर टाळायला जाऊन सात महिन्यांच्या रिकामपणाचं उत्तर द्यावं लागेल. आणि 'आजवरचे सर्व नियोक्ते लिहा' असा रकाना असून खाली सही असेल, तिथे गाळणं म्हणजे खोटी माहिती. पडताळणीत सापडलं तर हातात आलेली ऑफरही काढून घेतात. तेव्हा ठेवा, पण दोनच ओळींत.

तुमचा रिझ्युमे ठीक असावा, कारण फोन येतायत. फोनच आले नसते तर दोष कागदात शोधला असता. पहिल्या मुलाखतीनंतर गळती होते आहे, म्हणजे उत्तरात काहीतरी आहे. आत्ता उत्तर नेमकं काय देता ते जसंच्या तसं लिहाल का?

चाचणीवाला

साधारण असं: 'अ मध्ये शिकायला मिळत नव्हतं. ब कंत्राटी होती, त्यांनी कायम करू असं सांगितलं होतं पण केलं नाही. क मध्ये मॅनेजमेंटचे निर्णय चुकले, टीम बंद झाली. ड मध्ये तर सरळ फसवणूकच झाली.' मग प्रत्येकाचा तपशील. चार-पाच मिनिटं जातात.

मीनल_भरती

इथेच घोळ आहे. चारही वाक्यांत दोष समोरच्याचा. एकेक कारण खरं असेल, पण सलग ऐकणाऱ्याला वाटतं, वर्षभराने हा आमच्याबद्दलही हेच सांगेल.

तुमच्याकडे सांगण्यासारखा धागा आहे, तो तुम्हीच तोडताय. चारपैकी दोन नोकऱ्या तुम्ही सोडल्यात, अ आणि ड, आणि दोन्हींचं कारण एकच: ऑटोमेशन. उरलेल्या दोन आपोआप संपल्या. हे मिनिटभरात सांगता येतं:

'अ मध्ये सव्वादोन वर्षं मॅन्युअल टेस्टिंग केलं. ऑटोमेशनकडे वळायचं होतं म्हणून ब चं सहा महिन्यांचं कंत्राट घेतलं, ते एक महिना वाढवून पूर्ण केलं. क मध्ये अकरा महिने तेच काम केलं, मग कंपनीने पूर्ण टीम बंद केली. ड मध्ये ठरलेलं काम ऑटोमेशनचं होतं, प्रत्यक्षात मॅन्युअल निघालं. बदल शक्य नाही हे कळल्यावर नोटीस पूर्ण करून निघालो.'

आणि थांबा. शांतता पसरली तरी भरायला जाऊ नका, तक्रारी नेमक्या तेव्हाच तोंडातून निसटतात.

पुढचा प्रश्न ठरलेला: 'रुजू होण्याआधी विचारलं नव्हतं का?' इथे ड ला नावं न ठेवता या वेळी वेगळं काय करताय ते सांगा, आणि तिथल्या तिथे विचारा: पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडे कोणतं काम असेल, त्यात ऑटोमेशन किती, टेस्ट आज कोणत्या टूलवर चालतात? उत्तर गुळमुळीत आलं तर तो तुमच्यासाठी इशारा. मुलाखतीत एकच गोष्ट शब्द बदलून तिसऱ्यांदा विचारली गेली, तर समजा पटलेलं नाही. तेव्हा नवं कारण जोडू नका, पूर्ण केलेलं काम सांगा.

ब आणि क मध्ये काय पूर्ण झालं?

चाचणीवाला

ब मध्ये २२० टेस्टपैकी १४० ऑटोमेट केल्या. रात्री सहा तास चालणारी चाचणी दीड तासावर आली. हे रिझ्युमेत नाहीये. आणि एक, ब चा पगार एजन्सीकडून यायचा, मी रिझ्युमेत थेट क्लायंटचं नाव टाकलंय.

मीनल_भरती

ते आजच बदला. पडताळणी करणारा क्लायंटला विचारेल, ते 'या नावाचा आमचा कर्मचारी नव्हता' म्हणतील, आणि खरी नोकरी खोटी ठरेल. नियोक्ता म्हणून एजन्सी लिहा, पुढे 'क्लायंट: अमुक', आणि पदाच्या शेजारी 'कंत्राटी'. त्या एका शब्दाने सात महिन्यांचा प्रश्न निम्मा मिटतो. तोच बदल लिंक्डइनवरही करा, तारखा तिथेही जुळवून पाहतात. आणि संदर्भासाठी ब च्या मॅनेजरला विचारून ठेवा. ज्याने कंत्राट वाढवलं तो तुमच्याबद्दल वाईट बोलण्याची शक्यता कमी.

रंगरेषा

माझीही तीच अडचण. ग्राफिक डिझाइन करते, दोन वर्षांत सात कामं, एकही तीन महिन्यांच्या वर नाही. सातही सोडण्याची कारणं पाठ करू का?

मीनल_भरती

ताई, तुमचं वेगळं आहे, तो स्वतंत्र व्यवसाय झाला. 'फ्रीलान्स डिझायनर' हे एकच शीर्षक, एकच कालावधी, खाली ग्राहक आणि कामं. कारण सांगायचा प्रश्नच येत नाही. धागाकर्त्यांनी मात्र असं एकत्र करू नये, त्यांचे नियोक्ते वेगवेगळे आहेत.

सहज_सुचलं

बरं, वर्षांचं मागे घेतो. पण क शेजारी रिझ्युमेतच 'टीम बंद झाली' लिहिलेलं चांगलं नाही का? वाचतानाच शंका मिटेल.

मीनल_भरती

मी लिहायला सांगत नाही. एका नोकरीला कारण लिहिलं की बाकीच्यांना का नाही, असं होतं, आणि ड ला काय लिहिणार?

कोडखाना

इथे असहमत. मुलाखती घेताना मला 'पूर्ण विभाग बंद' ही तीन शब्दांची नोंद उपयोगी पडते, नाहीतर माणसाला कामगिरीवरून काढलं की काय अशी शंका राहते. स्वतः सोडलेल्या नोकरीला मात्र कारण लिहू नये.

चाचणीवाला

एजन्सीचं नाव, 'कंत्राटी' आणि १४० टेस्टची ओळ आत्ताच टाकली. क बद्दल दोन्ही प्रकार करून बघतो, निम्म्या अर्जांना एक, निम्म्यांना दुसरा. ड साठी दोन ओळींत काय लिहू, चार महिन्यांत मॅन्युअलच केलंय?

कोडखाना

मग मॅन्युअलच लिहा. कोणत्या मॉड्यूलची चाचणी केली आणि रिलीजआधी कोणते गंभीर दोष पकडले, एवढं पुरे. ऑटोमेशन केल्याचं तिथे चिकटवू नका, दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं.