‘चिनी खोली’तल्या माणसाला चिनी ‘येतं’, ‘समजतं’ की ‘कळतं’?

अमळनेरकर

बी.ए.च्या मुलांसाठी अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांच्या ‘चिनी खोली’वर मराठीत टिपण लिहितोय. प्रोग्रामवर चालणाऱ्या कॉम्प्युटरला भाषा खरंच समजते का, हा त्यातला प्रश्न. सर्ल यांचा मूळ लेख १९८० चा. कल्पना अशी, की ते स्वतः एका खोलीत कोंडलेले आहेत. चिनी त्यांना अजिबात येत नाही, चिनी लिपी कुठली आणि जपानी कुठली हेही ओळखता येत नाही. बाहेरून चिनी अक्षरांचे कागद आत येतात. हाताशी इंग्रजीत लिहिलेले नियम आहेत : अशा आकाराचं चिन्ह दिसलं, तर तशा आकाराचं बाहेर द्या. बाहेर जाणारी उत्तरं इतकी चोख, की आत कुणी चिनी माणूसच बसलाय असं वाटावं.

आता वाक्य पुरं करायचंय : ‘तरीही त्याला चिनी ___ नाही.’ येत, समजत, कळत, उमगत? चारही शब्द बसतात, पण अर्थ दर वेळी सरकतो. तुम्ही काय लिहाल?

रावेरकर

आम्ही तर मशीनला बिनधास्त ‘कळतं’ म्हणतो. माझ्या केळीच्या मळ्यात पंपाच्या स्टार्टरला ऑटो बसवलाय. रात्री लाइट आली की त्याला कळतं आणि मोटर चालू होते. एक फेज गेला तर तेही कळतं, मोटर जळू देत नाही. मग खोलीतल्या माणसाला कळत नाही असं कसं? तो तर माणूस आहे, ऑटोपेक्षा हुशारच असेल.

जळगावचा वाचक

रावेरकर भाऊ, तुमचा ऑटो नेमका मुद्द्यावर आहे. सर्ल यांनीही असंच उदाहरण घेतलंय : दाराला कधी उघडायचं ते कळतं, कारण त्याला फोटोसेल आहे. असं आपण सहज बोलतो, कारण वस्तूच्या कामात आपण आपलाच हेतू पाहतो. मोटर वाचावी ही इच्छा तुमची, ऑटोची नव्हे. म्हणून ‘ऑटोला कळतं’ हे बोलणं चुकीचं नाही, पण ‘मला इंग्रजी कळतं’ यातलं कळणं ते नाही. वाद या दुसऱ्या कळण्याचा आहे.

अमळनेरकर, तुमच्या टिपणात एक गोष्ट सुटलीय, आणि तिच्यावर सगळं उभं आहे. त्या खोलीत इंग्रजी प्रश्नही येतात. त्यांची उत्तरं सर्ल नियम न बघता देतात, कारण इंग्रजी त्यांची भाषा. बाहेरच्यांना दोन्ही उत्तरं सारखीच चांगली दिसतात, पण आतल्या माणसाला दोन कामांतला फरक लख्ख कळतो. एकच माणूस, एकच खोली, म्हणून तुलना सरळ होते. ही बाजू गाळली की उरतं फक्त ‘बिचाऱ्याला चिनी येत नाही’, आणि रावेरकर भाऊंसारखा प्रश्न पडणारच.

भुसावळकर

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. सोपं करून सांगतो : सर्लनी सिद्ध केलं की यंत्र कधीच विचार करू शकत नाही. तेव्हा ‘यंत्राला समजत नाही’ असं लिहा, विषय संपला.

जळगावचा वाचक

अर्धं बरोबर आहे. यंत्र विचार करू शकतं का, या प्रश्नाला सर्ल यांचं उत्तर ‘हो’ आहे, कारण त्यांच्या मते मेंदू हेसुद्धा एक यंत्रच. त्यांचा आक्षेप वेगळा आहे : नुसता प्रोग्राम चालवणं, म्हणजे चिन्हांचे आकार बघून चिन्हं हलवणं, समजायला पुरेसं नाही. ‘यंत्राला’ऐवजी ‘प्रोग्राम चालवतो एवढ्यामुळे’ असं लिहिलंत तर त्यांच्याशी न्याय होईल.

त्यांच्यासमोर उदाहरणही ठोस होतं. येल विद्यापीठात रॉजर शँक यांच्या गटाने गोष्टी ‘समजणारे’ प्रोग्राम केले होते. एक माणूस हॉटेलात हॅम्बर्गर मागवतो, तो करपलेला येतो, माणूस बिल न देता तणतणत निघून जातो. प्रश्न : त्यानं तो खाल्ला का? गोष्टीत हे लिहिलेलं नाही, तरी आपण ‘नाही’ म्हणतो. तसलं उत्तर प्रोग्रामही देई.

आता हॅम्बर्गरच्या जागी धुळ्याच्या ढाब्यावरची शेवभाजी ठेवा आणि खोलीत जा. पहिल्या गठ्ठ्यात हॉटेलचा रिवाज : बसणं, मागवणं, खाणं, पैसे देणं. दुसऱ्यात ही गोष्ट, तिसऱ्यात प्रश्न. सगळं चिनीत. नियम सांगतो : दुसऱ्या गठ्ठ्यात अमुक वेडंवाकडं चिन्ह असेल आणि तमुक नसेल, तर हे चिन्ह बाहेर द्या. बाहेर गेलं ते ‘नाही, खाल्ली नाही’. पण आतल्याला ते चिन्ह शेवभाजीचं होतं की रेल्वेचं, हे शेवटपर्यंत माहीत नाही. उत्तर बरोबर, पण भाजी करपली होती याचा त्याला पत्ताच नाही.

नंदुरबारची शिक्षिका

हे वाचून माझा वर्ग आठवला. माझी बरीच मुलं घरी भिली बोलतात, पुस्तकाची मराठी त्यांना परकी. पहिल्या वर्षी ती एक युक्ती शिकतात : प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवायचं. मार्क मिळतात. मी प्रश्नातले शब्द बदलते, किंवा ‘तुझ्या घरी असं झालं तर?’ विचारते, की लगेच कळतं कुणाला समजलंय. खोलीतल्या माणसाचीही अशीच परीक्षा घेता येईल ना?

जळगावचा वाचक

ताई, वर्गात ही परीक्षा उत्तम. खोलीत मात्र चालणार नाही, कारण नियम इतके पुरे आहेत की बदललेल्या प्रश्नालाही चोख उत्तर जातं, असं सर्ल यांनी आधीच धरलंय. बाहेरून ओळखताच येणार नाही, तिथेच ते आपल्याला उभं करतात. गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये, यंत्र विचार करतं का हे ठरवायला, बाहेरच्या संभाषणावर परीक्षा बेतली होती, तिला हा थेट धक्का आहे.

पण तुमच्या मुलांबद्दल माझं मत वेगळं आहे. त्यांना भिलीत पाऊस, बैल, भूक सगळं कळतं. मराठी शब्द त्याला जोडायचा बाकी आहे, एवढंच. चिनी चिन्हांना खोलीत असं जोडायला काहीच नाही.

भुसावळकर

मग खोलीला कॅमेरा आणि हात द्या, जोडलं जाईल. शिवाय माणूस हा फक्त एक भाग. माणूस, नियम, कागद मिळून पूर्ण खोलीला चिनी समजतं असं का म्हणू नये? माझ्या एकेका पेशीला कुठे मराठी येतं?

जळगावचा वाचक

दोन्ही आक्षेप सर्ल यांनी त्याच लेखात घेतलेत. कॅमेऱ्यातून येतं तेही आतल्याला आणखी चिन्हंच. आणि पूर्ण खोलीबद्दल ते म्हणतात : सगळे नियम पाठ करा, खोली सोडा, उघड्या मैदानात काम करा. आता पूर्ण व्यवस्था तुमच्यातच आहे, तरी चिनीचा एक शब्द समजत नाही.

पहिल्या उत्तरापेक्षा हे दुसरं मला कच्चं वाटतं. नियम पाठ केलेल्या डोक्यात चिनी समजणारी व्यवस्था चालू असेल आणि त्या माणसाला तिचा पत्ता नसेल, हे अशक्य आहे असं त्यांनी दाखवलेलं नाही. ‘मला समजत नाही’ यावरून ‘माझ्यात काहीच समजत नाही’ निघतं का? यावर आजही भांडण आहे.

अमळनेरकर

मग शब्दाचं मला असं दिसतंय. ‘येणं’ म्हणजे जमणं : पोहता येतं, गाडी चालवता येते. बाहेरून बघणारा म्हणेल, ‘खोलीला चिनी येतं’, आणि सर्ल यांनाही ते नाकारायचं नसावं. ‘समजणं’ आणि ‘कळणं’ मात्र कुणाला तरी होतं. ‘खोलीला चिनी येतं, पण आतल्याला ते समजत नाही’ असं लिहितो.

नंदुरबारची शिक्षिका

‘येतं’वर मी सहमत नाही. उतरवून काढणाऱ्या मुलाबद्दल मी ‘त्याला मराठी येतं’ असं कधीच म्हणणार नाही. ‘उत्तरं देता येतात’ म्हणेन.

अमळनेरकर

ताई, हे जास्त नेमकं आहे, ‘खोलीला चिनी उत्तरं देता येतात’ असंच घेतो. पण पूर्ण खोलीला समजतं का, हा भुसावळकरांचा प्रश्न टिपणात उघडाच ठेवतोय.